अढीतला पिकलेला आंबा रंगाशिवाय ओळखताना : एका रंगांध मुलाचे प्रकरण

(मुलाचे नाव बदलले आहे. ओळख पटेल असे गावाचे व घराचे तपशीलही वगळले आहेत.)

पार्श्वभूमी

रत्नागिरी तालुक्यात, समुद्रापासून फार लांब नसलेल्या एका गावातले हे बागायतदार घर. हापूसची कलमे आजोबांनी लावलेली. हंगामात दोन नेपाळी गडी असतात, बाकी सगळे काम घरचेच. मोठ्या व्यापाऱ्याकडे जाणाऱ्या पेट्या कच्च्या भरतात. पुण्या-मुंबईच्या ओळखीच्या गिऱ्हाइकांना मात्र हे घर पिकलेला, दोन-तीन दिवसांत खाण्याजोगा आंबा पाठवते. त्याला भाव चांगला मिळतो, पण निवडणी चोख लागते.

ही निवडणी होते मांगरात, म्हणजे बागेतल्या शेतघरात. जमिनीवर भाताचा पेंढा, त्यावर आंब्याचा थर, वर पुन्हा पेंढा, अशी अढी लावलेली असते. उन्हाळा किती कडक आहे त्यावर आठ-दहा किंवा बारा दिवसांत आंबा पिकतो. पण एका झाडाचे, एकाच दिवशी काढलेले आंबेसुद्धा एका दिवशी पिकत नाहीत. म्हणून रोज अढी उकलायची, पिकलेले उचलायचे, कच्चे परत झाकायचे. हे काम घरातली मुले आणि बायका करतात, कारण त्यात ताकद लागत नाही, नजर लागते. निदान सगळे तसे समजतात.

यश तेव्हा तेरा वर्षांचा होता, सातवीची परीक्षा नुकतीच झाली होती. त्या वर्षी पहिल्यांदा त्याच्याकडे अढीची एक बाजू सोपवली गेली.

मी नेत्रतपासणीचे काम करतो. शाळांच्या शिबिरांना जातो. माझे आजोळही आंब्याच्या गावातले असल्यामुळे अढी मला ठाऊक आहे. या घराशी ओळख झाली ती मात्र तपासणीच्या निमित्ताने.

अडचण

हंगामाच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्याहून फोन आला. पेटीत आठ-नऊ आंबे दगडासारखे होते. त्यानंतर तीन दिवसांनी उलटी तक्रार आली. व्यापाऱ्याकडे गेलेल्या कच्च्या पेटीत दोन पिकलेले आंबे निघाले आणि त्यांनी सगळी पेटीच वेळेआधी पिकवली. पिकणारा आंबा इथिलीन वायू सोडतो आणि त्या वायूने शेजारचे आंबेही पिकू लागतात. बंद पेटीत एक पिका आंबा चार डझनांचे वेळापत्रक बिघडवतो. त्यामुळे ही दुसरी चूक पहिलीपेक्षा महागात पडते.

दोन्ही पेट्या यशच्या बाजूच्या होत्या. घरात पहिला अर्थ निघाला तो लक्ष नसल्याचा. वडील म्हणाले, "मोबाइल बाजूला ठेव आणि डोळे उघडे ठेवून काम कर." पुढच्या दिवशी यशने खरोखरच मोबाइल घरी ठेवला, दुप्पट वेळ घेतला आणि तरीही टोपलीत कच्चे-पिके मिसळलेच. हा मुद्दा महत्त्वाचा आहे. हलगर्जीपणाची चूक वेळ दिला की कमी होते. ही होत नव्हती. शिवाय ती संध्याकाळी वाढत होती, सकाळी दाराजवळ बसून केलेल्या निवडणीत कमी दिसत होती. हे प्रथम लक्षात आले ते आईच्या.

आईला आणखी एक गोष्ट आठवली. तिच्या सख्ख्या भावाला ऐन तारुण्यात एका नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत नाकारले होते. "डोळ्यांत काहीतरी रंगाचं आहे" एवढेच घरी सांगितले गेले होते आणि तो विषय तिथेच मिटला होता.

तपासणी

यश माझ्यासमोर बसला तेव्हा मी इशिहारा चाचणीचे पुस्तक उघडले. जपानी डॉक्टर शिनोबू इशिहारा यांनी १९१७ साली प्रसिद्ध केलेली ही ठिपक्यांची चित्रे आजही सगळीकडे वापरतात. पहिल्या पानावरचा १२ प्रत्येकाला दिसतो. तो त्यालाही दिसला. पुढच्या पानावर ८ असतो, त्याने ३ सांगितला. जिथे ७४ असतात तिथे २१ वाचले. उत्तरे अडखळत दिलेली नव्हती, त्याला खरोखरच तसे दिसत होते. आई शेजारी बसली होती. दुसऱ्या चुकीला ती त्याला टोकायला गेली आणि थांबली.

हे लाल-हिरव्या रंगांचे जन्मजात रंगांधत्व. नेमका प्रकार ठरवायला अॅनोमॅलोस्कोप नावाचे वेगळे यंत्र लागते, ते माझ्याकडे नव्हते, आणि अढीच्या प्रश्नासाठी त्याची गरजही नव्हती. या दोषाची जनुके एक्स गुणसूत्रावर असतात. मुलाला एक्स मिळतो तो आईकडून. त्यामुळे वडिलांचे डोळे कसेही असले तरी मुलाच्या बाबतीत फरक पडत नाही, आणि मामाची जुनी गोष्ट इथे बरोबर जुळत होती. आईला मी एवढेच सांगितले की यात तिने किंवा कोणी काही केलेले नाही.

आंब्याच्या बाबतीत याचा अर्थ काय, हे घरच्यांना समजावणे जास्त गरजेचे होते. यशला जग काळे-पांढरे दिसत नाही. निळा आणि पिवळा त्याला नीट वेगळे कळतात. पण हिरवा, केशरी, तपकिरी हे त्याला पिवळसर-मातकट छटांच्या एकाच घरात बसलेले दिसतात. कच्चा हापूस त्या घरातला गडद आणि पिकलेला त्याच घरातला उजळ. म्हणजे त्याच्याकडे फरक होता, पण तो रंगाचा नव्हता, उजेडाचा होता. सकाळी दाराशी तो फरक दिसे. संध्याकाळी मांगरात एकच पिवळा दिवा, त्यात सगळीच फळे सारखी. आईचे निरीक्षण अशा रीतीने खरे ठरले.

पर्याय आणि त्यांचा विचार

पहिला पर्याय वडिलांनी लगेच मांडला. यशला निवडणीतून काढायचे, पेट्या ठोकणे आणि नावे-पत्ते लिहिणे त्याला द्यायचे. व्यवहाराच्या दृष्टीने हे चूक नव्हते. हंगाम भरात होता, तक्रारी आल्या होत्या. पण यशचा चेहरा पडला, आणि आजीने विरोध केला. तिचे म्हणणे साधे होते: बाग पुढे त्यालाच बघायची आहे, आज टाळलेले काम तो कधी शिकणार?

दुसरा पर्याय चष्म्याचा. रंगांधांसाठीचे चष्मे इंटरनेटवर मिळतात आणि त्यांच्या जाहिराती डोळ्यांत पाणी आणतात. मी त्याला नको म्हटले. त्या काचा प्रकाशातला ठरावीक पट्टा गाळतात, त्यामुळे काही जणांना काही रंगांमधला फरक ठळक होतो. पण त्या नसलेली रंगदृष्टी देत नाहीत, आणि गाळणी म्हणजे डोळ्यात शिरणारा प्रकाश कमी. अंधाऱ्या मांगरात हे उलटेच पडले असते.

तिसरा पर्याय यशने स्वतः शोधला, मोबाइलवर रंगाचे नाव सांगणारे अॅप. एका आंब्यावर तीन ठिकाणी धरले तर तीन नावे आली. उन्हाकडच्या गालावर कच्च्या हापूसलाही लाली चढते, त्या ठिकाणी अॅपने त्याला लालसर ठरवले. दुसऱ्या दिवशी त्याने ते काढून टाकले.

चौथा मार्ग सापडला तो आजीमुळे, तिच्या नकळत.

काय केले

यश आजीच्या बाजूला बसून तिला सारखे विचारत होता, "हा पिकलाय हे कशावरून?" आजीचे उत्तर एकच: "कशावरून म्हणजे? दिसतंय की." मग त्याने एक युक्ती केली. आजीला तिचाच पदर डोळ्यांवरून घ्यायला लावला आणि हातात एकेक आंबा दिला. आजी हसत हसत, बोलत बोलत निवडत गेली आणि ढीग जवळजवळ बरोबर लागले. मांगरात वीज यायच्या आधी तिने कित्येक वर्षे कंदिलाच्या उजेडात अढी उकलली होती. हात काय करतात याकडे तिचे स्वतःचेच लक्ष नव्हते. त्या दिवशी यशने तिच्या चेहऱ्याकडे न बघता हातांकडे बघितले.

त्यातून जी रीत बसली ती मी पुढे दोनदा जाऊन पाहिली, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सुरुवात फळाला हात लावण्यापूर्वीच होते. काढणीच्या तारखेची चिठ्ठी अढीच्या प्रत्येक भागाला लावायची. पाच दिवसांच्या थरात पिका आंबा विरळा, दहा दिवसांच्या थरात कच्चा विरळा. कुठे जास्त सावध राहायचे हे चिठ्ठीच सांगते. मधले दिवस खरे अडचणीचे.

मग देठ. आंबा काढताना तीन-चार सेंटिमीटर देठ ठेवतात, नाहीतर चीक सालीवर ओघळून डाग पडतो. कच्च्या फळाचा हा देठ घट्ट बसलेला असतो. पिकलेल्याचा बोटाने हलकेच ढकलला की सुटून येतो आणि खाली कोरडी, स्वच्छ खळी राहते. ही खूण यशची आवडती, कारण तिला हो किंवा नाही असे सरळ उत्तर आहे. पण हाताळणीत देठ आधीच गळला असेल तर ती बाद, आणि अढीत असे आंबे बरेच असतात.

त्यानंतर हात. इथे सगळ्यात जास्त शिकावे लागले. नवशिका माणूस अंगठ्याने दाबून बघतो. पिकत आलेल्या हापूसला अंगठ्याचा ठसा सहन होत नाही, दोन दिवसांत तिथे काळा डाग येतो आणि पेटी उघडणाऱ्याला तो पहिला दिसतो. सुरुवातीला यशनेही असे डाग पाडले. आजीने त्याचा हात धरून दाखवले: आंबा तळहातात झोपवायचा, चारही बोटे त्याच्या गालावर टेकवायची आणि मूठ किंचित आवळायची. दाबायचे नाही, फळाने बोटांना वाट दिली की नाही तेवढे जाणून घ्यायचे. मग फिरवून दुसरा गाल. दुसरा गाल का, तर पडलेला किंवा चेपलेला कच्चा आंबा एका जागी मऊ लागतो. दोन्ही गाल सारखेच नरम असतील तरच ते पिकणे. सालही हाताला वेगळी लागते. कच्च्याची ताठ आणि जाड, पिकलेल्याची पातळ, सैल पडत चाललेली. देठाजवळ बारीक सुरकुत्या बोटाला लागल्या तर तो आंबा पुण्याला पाठवायचा नाही, घरी खायचा.

नाक शेवटी. वासावर आंबा ओळखणे सगळ्यात सोपे असेल असे मलाही वाटे, आणि अढीत ते सगळ्यात अवघड निघाले. मांगरभर हापूसचा घमघमाट असतो. पाच मिनिटांत नाक त्याला सरावते आणि प्रत्येक फळ सारखेच पिके वाटू लागते. म्हणून यशने वासाला रोजच्या निवडणीत जागाच दिली नाही. देठ आणि हात यांवर निर्णय होत नाही असे आंबे तो तिसऱ्या टोपलीत टाकतो. काम संपले की ती टोपली बाहेर खळ्यात नेतो, थोडा वेळ वाऱ्यावर बसतो आणि मग एकेक फळ देठाच्या बाजूने हुंगतो. कच्च्याला तिथे चिकाचा, हिरव्या पानासारखा उग्र वास येतो. पिकलेल्याचा गोड वास देठाच्या खळीतूनच आधी येतो, बाकी सालीवर तो नंतर पसरतो.

ही तिसरी टोपली म्हणजे या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय, असे माझे मत आहे. आधी दोनच टोपल्या होत्या आणि प्रत्येक फळ कुठेतरी ढकलावेच लागे. संशयाला जागा मिळाल्यावर चुका पेटीत न जाता खळ्यात जाऊ लागल्या.

शिवाय दोन बदल घरच्यांनी केले. यशची निवडणी सकाळी, मांगराच्या दाराशी ठेवली, म्हणजे गडद-उजळ हा फरकही त्याच्या मदतीला राहिला. आणि पिवळा दिवा काढून पांढऱ्या उजेडाचा लावला. त्याचा फायदा यशपेक्षा बाकीच्यांनाच जास्त झाला.

पडताळणीचाही प्रश्न होता. संशयाचा आंबा चिरून बघायचा तर आतला गर पांढुरका आहे की केशरी, हेही यशला खात्रीने सांगता येत नाही. त्यामुळे तो सुरीवर जातो. कच्च्यात सुरी कर्रकन अडते, पिकलेल्यात बाठ्यापर्यंत सहज जाते. शेवटचा निकाल जिभेचा.

परिणाम

मे संपेपर्यंत यशच्या बाजूच्या पेट्यांबद्दल वेगळी अशी तक्रार उरली नाही. अधूनमधून एखादा कच्चा आंबा निघे, पण तो आईच्या आणि काकूच्या पेट्यांतही निघे. वेग मात्र कमीच राहिला. ज्याला रंग दिसतो तो थरावर नजर फिरवून अर्धे काम संपवतो, यशला प्रत्येक फळ उचलावे लागते. एका टोपलीला त्याला दीडपट वेळ लागतो आणि वडिलांनी तो गृहीत धरला आहे. दर वेळी हाताळल्याने फळाला थोडा त्रास होतो, हाही खर्चच.

एक प्रसंग घरात अजून सांगितला जातो. कोणी पाहुण्यांनी बाजारातून एक पेटी आणली होती, सगळे आंबे एकसारखे पिवळेधमक. सगळ्यांनी पिकलेले म्हणून ताटात घेतले. यशने हातात घेऊन सांगितले की हे कच्चे आहेत. चिरले तर आत गर पांढरट आणि आंबट. पावडर मारलेला माल असाच असतो. कॅल्शियम कार्बाइडमधून निघणारा ॲसिटिलीन वायू सालीचा हिरवा रंग घालवतो, पण कोवळ्या फळात आतले पिकणे मागे राहते. आपल्याकडे फळे पिकवायला कार्बाइड वापरण्यावर बंदी आहे. ज्याला पिवळेपणाने भुलवता येत नाही त्याने ते पकडले, यात चमत्कार काही नाही. कोस्टा रिकाच्या जंगलात कॅपुचिन माकडांचा अभ्यास झाला आहे. त्यांच्यात काहींना आपल्यासारखे तीन रंगांचे ज्ञान असते आणि काहींना दोनच. दोनवाली माकडे फळ तोंडात घालण्याआधी जास्त वेळा हुंगतात, असे तिथे दिसले.

मर्यादाही स्पष्ट आहेत. आंब्यानंतर लगेच रातांब्यांचे, म्हणजे कोकमाच्या फळांचे, दिवस येतात. झाडावर हिरव्या पानांत लपलेले लाल रातांबे बाकीच्या मुलांना खालून दिसतात, यशला दिसत नाहीत. हाताशी आलेला रातांबा मऊ आहे का, सहज तुटतो का हे तो सांगेल, पण तो कुठे आहे हे दुसऱ्याने दाखवावे लागते. स्पर्श आणि वास जवळूनच चालतात. तसेच करप्याचे काळे ठिपके त्याला दिसतात, पण हिरव्या सालीवरचा फिकट तपकिरी डाग सुटतो. म्हणून त्याच्या पेट्या बंद होण्यापूर्वी काकू एकदा डागांसाठी नजर टाकते, पिकण्यासाठी नाही. गर आतून बिघडवणारा साका तर बाहेरून कोणालाच कळत नाही, तिथे सगळे सारखेच रंगांध.

वेगळे काय करता आले असते

तपासणी फार उशिरा झाली. मामाची गोष्ट घरात माहीत होती. यश लहानपणी झाडाचे खोड हिरवे रंगवायचा, तेव्हाही सगळे हसले होते. शाळेत जायच्या वयातच चाचणी झाली असती तर नकाशातले रंग आणि फळ्यावरचा लाल खडू यांवरून खाल्लेली बोलणीही वाचली असती. लहान मुलांना आकडे वाचता येत नसले तरी बोटाने वाट गिरवण्याची चित्रे त्याच पुस्तकात असतात.

सुरुवात अढीपासून करण्याऐवजी झाडापासून केली असती तर बरे झाले असते, असे मला नंतर वाटले. हापूस काढायला तयार झाला हे कोणीही रंगावरून ठरवत नाही, तयार आंबा हिरवाच असतो. देठाच्या दोन्ही बाजूंचे खांदे भरून वर आलेले आणि देठ खळीत बसलेला, ही खूण बघतात. नमुन्याला काढलेले फळ पाण्यात सोडतात. कोवळे तरंगते, तयार बुडते. झाडाला पाड लागून एखादे फळ आपोआप पिकून पडले की काढणी सुरू होते. यात यश पहिल्या दिवसापासून इतरांच्या बरोबरीने चालला असता. पण झाडावर चढायला तो लहान, म्हणून त्याला मांगरात बसवले, म्हणजे नेमके रंगाच्या कामावर. पुढच्या हंगामात तो झेला, म्हणजे फळ काढायची जाळीची काठी, धरून खालून खांदे बघत काढणीला होता आणि त्यात त्याची एकही तक्रार आली नाही.

शेवटचा निर्णयाचा मुद्दा बरेच दिवस सुटला नव्हता. गड्यांना यशच्या डोळ्यांबद्दल सांगायचे की नाही, यावर आई-वडिलांचे एकमत नव्हते. वडिलांना भीती होती की गडी त्याचे ऐकणार नाहीत. वर्षभर सांगितले नाही. मग एका संध्याकाळी गड्याने त्याला "बाबू, ती लाल दोरी दे" म्हटले, यशने हिरवी दिली, आणि सांगावेच लागले. तेव्हापासून पेट्यांच्या दोऱ्यांना गाठी मारून ठेवतात, पिक्या पेटीच्या दोरीला एक आणि कच्च्याच्या दोरीला दोन. यंदा यशच्या मावशीने तिच्या पाच वर्षांच्या मुलाला आपणहून तपासणीला आणले. त्याने १२ वाचला आणि पुढच्या पानावर ८ वाचला.